बंद पडलेल्या नंबरमागे अडकलेलं खातं

«मी चिपळूणचा, शारजात एसी टेक्निशियन. ५ फेब्रुवारीला निघताना २८ दिवसांचा रिचार्ज मारला होता, पुढे करायचा राहिला. सुरुवातीला ओटीपी यायचे, मार्चमध्ये बंद झाले. आता ऑक्टोबर उजाडला. परवा नेट बँकिंगचा पासवर्ड चुकून लॉक झाला आणि सगळंच ठप्प. खातं माझं नि बायकोचं जॉइंट, घराच्या कर्जाचा हप्ता त्यातूनच जातो. सुट्टी थेट एप्रिलमध्ये. इथूनच नंबर बदलता येईल का?»

येईल. पण आधी एक लक्षात घ्या, तुमचे पैसे अडकलेले नाहीत, फक्त तुमचा हात अडकलाय. बाहेरून खात्यात येणाऱ्या रकमेला ओटीपी लागत नाही. कर्जाचा हप्ता जुन्या मंजुरीवर आपोआप जातो, त्यालाही लागत नाही. बायकोचं एटीएम कार्ड तिच्या पिनवर चालतं, चेकही वटतो. त्यामुळे घाईघाईत कुणा एजंटाला पैसे देऊ नका. तुमच्यापुढे दोन कामं आहेत. जुना नंबर खात्यावरून काढणं आणि नवा चढवणं. बहुतेक लोक दुसऱ्यामागे धावतात, पण खरी घाई पहिल्याची असते.

त्यासाठी तो नंबर आज कुठल्या अवस्थेत आहे ते कळायला हवं. बायकोला घरून त्यावर फोन लावायला सांगा आणि काय ऐकू येतं ते शब्दशः विचारा. ‘इनकमिंग सेवा उपलब्ध नाही’ अशा अर्थाचं काही ऐकू आलं तर नंबर अजून तुमचाच आहे, फक्त वैधता संपलीय. मग तिथूनच ऑनलाइन रिचार्ज केला तरी जीव येऊ शकतो. मात्र सिम तिथल्या फोनमध्ये हवं आणि त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू हवं. ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ असं आलं तर तो कंपनीने काढून घेतलाय. नुसती रिंग वाजली आणि कुणी अनोळखी माणूस ‘हॅलो’ म्हणाला, तर तो दुसऱ्याच्या खिशात आहे. ‘स्विच ऑफ’ ऐकू आलं तर मात्र त्यावरून काहीच ठरवू नका. तुमचं सिम पेटीत पडलंय म्हणूनही तसं येतं आणि नव्या मालकाने फोन बंद ठेवलाय म्हणूनही येतं. दोन दिवस वेगवेगळ्या वेळी लावून बघा.

तुमच्या तारखा मांडल्या तर मला तिसरीच शक्यता जास्त वाटते. ५ फेब्रुवारीचा २८ दिवसांचा रिचार्ज ४ मार्चला संपला. आउटगोइंग तेव्हाच गेलं, इनकमिंग कंपनीनुसार आणखी काही दिवस चाललं. म्हणून तुमचे ओटीपी मार्चमध्ये थांबले. यानंतर दुसरं घड्याळ चालतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरात नसेल आणि बॅलन्स २० रुपयांहून कमी असेल तर कंपनी तो बंद करू शकते. इथे ‘वापर’ म्हणजे आलेला किंवा केलेला कॉल, पाठवलेला एसएमएस, डेटा. नुसता आलेला एसएमएस धरत नाहीत, म्हणून ‘मार्चपर्यंत ओटीपी येत होते’ हा बचाव चालत नाही. शेवटचा वापर ४ मार्चचा धरला तर ९० दिवस २ जूनला भरतात. त्यानंतर १५ दिवसांची सवलत असते, त्यात थोडे पैसे भरून नंबर परत चालू करता येतो. ती १७ जूनला संपली. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला द्यायचा नाही, असं ट्रायने सुप्रीम कोर्टातही सांगितलं होतं. २ जूनपासून मोजली तर तीही मुदत ऑगस्टअखेर संपते. म्हणजे सप्टेंबरपासून हा नंबर कुणाच्याही नव्या सिमवर असू शकतो. बॅलन्समध्ये वीसेक रुपये पडून होते का, यावर या तारखा महिनाभर पुढेमागे होतील, पण चित्र बदलत नाही.

नंबर बंद असूनही दुसऱ्याला गेलेला नसेल तर परत मिळवायचा प्रयत्न करायचा का? एका प्रश्नावर ते ठरतं. सिम कुणाच्या नावावर होतं? आपल्याकडे बरीच सिम वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या कागदांवर घेतलेली असतात. तसं असेल तर तो माणूस स्वतः आपलं आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जाऊन विचारू शकतो. सिम तुमच्या नावावर असेल तर तुमच्यासाठी दुसऱ्या कुणाला ते मिळणार नाही, पडताळणी तुमच्या चेहऱ्याची नाहीतर बोटाची होते. आणि डुप्लिकेट सिम मिळालंच तरी चालू झाल्यापासून २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक टाळायला दूरसंचार विभागाने घातलेली ही अट आहे. दुकानातून बाहेर पडून लगेच ओटीपी मागवला आणि आला नाही, तर गोंधळून जाऊ नका.

आता घाईचं काम. अनोळखी माणसाने फोन उचलला तर त्याच्याशी भांडून उपयोग नाही, नंबर त्याने रीतसर घेतलाय. पण तुमच्या खात्याचे व्यवहाराचे मेसेज त्याच्याकडे जात असतील. कित्येक बँकांत नोंदलेल्या नंबरवरून मिस्ड कॉल दिला की शिल्लक कळते. नुसत्या नंबरवर पैसे काढता येत नाहीत, त्याला कार्डाचे किंवा आधारचे तपशीलही लागतात. पण हे तपशील लोकांच्या झेरॉक्समधून, जुन्या व्हॉट्सअॅपमधून सहज फिरत असतात. दारावर दोन कुलुपं होती, त्यातलं एक उघडं पडलंय इतकं समजा.

म्हणून आजच बँकेत नोंदलेल्या तुमच्या ईमेलवरून शाखेला आणि ग्राहक सेवेला पत्र पाठवा. परदेशातून लागणारा ग्राहक सेवेचा नंबर पासबुकावर किंवा बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा. गूगलवर शोधून पहिला दिसेल तो लावू नका, तिथे भामट्यांचे नंबर असतात. पत्राचे शब्द महत्त्वाचे आहेत. ‘खातं गोठवा’ असं लिहिलंत तर बँक खात्यातून जाणारे पैसेही रोखेल आणि कर्जाचा हप्ता परत जाईल. दंड तुम्हाला, कर्जखात्यावर डाग तुम्हाला. त्याऐवजी असं लिहा: ‘माझा नोंदलेला मोबाइल क्रमांक बंद झाला असून तो आता माझ्या ताब्यात नाही. तो खात्यावरून काढावा. नेट बँकिंग, मोबाइल बँकिंग, यूपीआय आणि माझ्या डेबिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद ठेवावेत. कर्जाचा हप्ता आणि दुसऱ्या खातेदाराचे व्यवहार चालू राहावेत.’ याचीच सही केलेली प्रत बायकोला पाठवा. ती जॉइंट खातेदार आहे, तेव्हा स्वतःच्या सहीच्या पत्रासोबत शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेऊ शकते. पुढे काही गडबड झाली तर हा शिक्काच पुरावा. ईमेल नोंदलेलाच नसेल तर मग हे कागदच पहिलं पाऊल.

एक सावधगिरी इथेच सांगतो. तुमच्या फोनमध्ये बँकेचं अॅप अजून चार किंवा सहा आकडी पिनने उघडत असेल तर त्याला हात लावू नका. ते काढून पुन्हा टाकू नका, फोन रीसेट करू नका, नवा फोनही इतक्यात घेऊ नका. अॅप आणि फोन यांची गाठ पहिल्यांदा जुन्या सिमवरून गेलेल्या एसएमएसने बांधलेली असते. ती तुटली की परत बांधायला तेच सिम लागतं. नेट बँकिंग लॉक असूनही अॅप उघडतं, असं बरेचदा होतं. पत्र पाठवण्याआधी तिथून स्टेटमेंट काढून घ्या. ईमेल बदलायची किंवा शाखेला सुरक्षित संदेश पाठवायची सोय दिसली तर तीही वापरा.

आता नवा नंबर. ‘माझा यूएईचा नंबर टाका’ एवढाच अर्ज तुम्ही पाठवलात तर तो बहुतेक परत येईल, आणि कारणही नीट सांगणार नाहीत. कारण असं की तुमचं खातं साधं निवासी बचत खातं आहे आणि अशा खात्याला बहुतेक बँकांच्या यंत्रणेत परदेशी नंबर बसतच नाही. दुसरीकडे, नोकरीसाठी देश सोडलेला माणूस परकीय चलनाच्या फेमा कायद्यात अनिवासी ठरतो आणि त्याचं निवासी खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं भारतातलं रुपयांचं खातं, करून घ्यायचं असतं. आखातात गेलेले कित्येक जण हे वर्षानुवर्षं करत नाहीत, जोवर ओटीपी येतात तोवर कुणाला आठवतही नाही. तेव्हा अर्ज ‘नंबर बदला’ असा न करता ‘खातं एनआरओ करा आणि त्यावर हा परदेशी नंबर व हा ईमेल नोंदवा’ असा करा. दोन्ही एकाच लिफाफ्यात गेलं की गाठ सुटते.

तुमचं खातं लहान सहकारी बँकेत किंवा पतपेढीत असेल तर आधी फोन करून विचारा. पतपेढीत एनआरओ होत नाही आणि सगळ्याच सहकारी बँकांना ती परवानगी नसते. तसं निघालं तर अशी सोय असलेल्या मोठ्या बँकेत तिथूनच नवं खातं उघडणं सोपं पडेल.

कागद तसे थोडेच आहेत. बँकेचा एनआरओ रूपांतराचा अर्ज, पासपोर्टची फोटोची आणि पत्त्याची पानं, रहिवासी व्हिसा, एमिरेट्स आयडीच्या दोन्ही बाजू, पॅनची प्रत, फोटो. तुम्ही समोर नसल्यामुळे प्रतींवर साक्षांकन लागतं. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत यासाठी भारतीय वकिलात, तिथला नोटरी, न्यायाधीश आणि भारतीय बँकेच्या परदेशी शाखेचे अधिकारी चालतात. दुबईत भारताचा कॉन्सुलेट आहे, काही भारतीय बँकांच्या शाखा-कचेऱ्याही यूएईत आहेत. तुमच्याच बँकेची तिथे काही सोय असेल तर सगळ्यात बरं, कारण त्यांनी मारलेल्या शिक्क्यावर शाखा शंका घेत नाही. साक्षांकनाला जाण्याआधी अर्ज स्कॅन करून शाखेला ईमेल करा आणि ‘यात काही कमी आहे का’ एवढं विचारा. दिरहम आणि एक सुट्टीचा दिवस वाचतो.

एवढं करूनही अर्ज परत येतात, आणि त्यातले बरेचसे सहीमुळे. खातं अठराव्या वर्षी मराठी सहीने उघडलेलं असतं, पासपोर्टवर इंग्रजी सही असते आणि तिथे रोज करता ती तिसरीच. बँक सही जुळवते ती स्वतःच्या नोंदीशी, पासपोर्टशी नाही. तेव्हा जुना चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान घरून फोटो काढून मागवा, तशीच सही करा आणि पासपोर्टची सही वेगळी असेल तर दोन्ही सह्या असलेलं एक ओळीचं निवेदन साक्षांकनाच्या वेळीच शिक्का मारून घ्या. पासपोर्टवर वडिलांचं नाव आहे आणि पासबुकावर नाही, असं असेल तर त्याचाही उल्लेख त्याच निवेदनात करा.

दुसरी चूक नंबर लिहिण्यातली, आणि ही अर्ज मंजूर झाल्यावर बाहेर येते. यूएईत आपण मोबाइल ‘०५०’ वगैरेपासून दहा आकड्यांत सांगतो. परदेशातून मात्र पहिलं शून्य गाळून ९७१ पुढे नऊच आकडे लागतात. बँकेच्या छापील अर्जात चौकोन दहा. एक रिकामा दिसला की माणूस शून्य घालून तो भरतो, टंकणारा सुरुवातीला भारताचा ९१ लावतो, आणि तुमचे ओटीपी जगात नसलेल्या नंबरकडे निघतात. म्हणून चौकोनांशेजारी मोठ्या अक्षरांत ‘देश: यूएई, कोड ९७१, पुढे ९ आकडे, सुरुवातीला शून्य नाही’ असं लिहा. बँकेकडून ‘नंबर बदलला’ असा मेसेज तुमच्या यूएईच्या फोनवर आला तरच काम झालं समजा. ईमेलवरच्या कळवण्यावर विसंबू नका.

आणि तो नंबर कंपनीने दिलेला नको. नोकरी बदलली की सिम परत द्यावं लागतं आणि तुम्ही पुन्हा आज आहात तिथेच येता. स्वतःच्या एमिरेट्स आयडीवर घेतलेलं सिमच द्या. तेही आयडीचं नूतनीकरण लांबलं की बंद पडू शकतं, तेव्हा आयडीची तारीख ही आता बँकेचीही तारीख आहे. ओटीपी ईमेलवरही पाठवायची सोय बँकेत असेल तर अर्जातच ती खूण करा.

खातं एनआरओ झाल्यावर घरी काय बदलतं ते बायकोला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिला फोन तिचाच येईल. एनआरओ खात्यात निवासी नातेवाईक जॉइंट राहू शकतो, पण तो ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने. म्हणजे तुम्ही असेपर्यंत खातं चालवणार तुम्ही, आता आहे तसं ‘दोघांपैकी कुणीही’ नाही. तिला व्यवहार करायचे असतील तर तिच्या नावे मँडेट, म्हणजे खातं चालवायचं अधिकारपत्र, द्यावं लागतं. ते याच लिफाफ्यात घाला. घरखर्चाचे पैसे तिच्या एकटीच्या बचत खात्यात थेट पाठवायला सुरुवात केलीत तर आणखीच सुटसुटीत. एनआरओच्या व्याजावर सरसकट ३० टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापला जातो. बचत खात्यातल्या थोड्या शिलकीवर तो फार नसतो, पण मोठी ठेव असेल तर जाणवेल. आणि हप्त्याबद्दल शाखेला लेखी विचारा: ‘रूपांतरानंतर खाते क्रमांक तोच राहणार का?’ काही बँकांत राहतो, काहींत नवा मिळतो. नवा मिळणार असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेकडे हप्त्याची मंजुरी नव्याने भरावी लागते आणि ती लागू होईपर्यंत जुन्या खात्यात किमान दोन हप्त्यांचे पैसे ठेवायला हवेत.

तुम्हाला आसपासचे लोक सांगतील की एवढं कशाला, भावाचा नंबर टाक आणि तो ओटीपी वाचून दाखवेल. बरेच जण करतात. माझं मत याच्या विरुद्ध आहे. खात्यावर ज्याचा नंबर, त्याच्या फोनवर यूपीआय सुरू होऊ शकतं, पासवर्ड बदलता येतो, आणि वाद झाला तर ‘ओटीपी तुमच्याच माणसाने दिला’ म्हणून बँक हात वर करते. शिवाय शाखेत तुम्ही हजर नसताना नंबर बदलायचा म्हटलं तर कागद तेवढेच लागतात. फारच नड असेल तर जॉइंट खातेदार म्हणून बायकोचा, आणि तोही खातं एनआरओ होईपर्यंतच.

कागद शाखेत पोचल्यावर पोचपावतीचा क्रमांक मागून घ्या आणि दर आठवड्याला त्याच क्रमांकाचा हवाला देऊन ईमेल करा. तक्रार लेखी देऊन ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर परदेशातूनही तक्रार करता येते, फी नाही. लोकपालाकडे जाणार असं नुसतं धमकावू नका, पण ३० दिवस मोजायला लागा.

नवा नंबर चढला की नेट बँकिंगचा पासवर्ड नव्याने मिळतो आणि अॅपची गाठ यूएईच्या सिमशी बांधता येते. अॅपमध्येच व्यवहार मंजूर करायची सोय असेल तर ती चालू करा, म्हणजे प्रत्येक वेळी एसएमएसची वाट बघावी लागणार नाही. एनआरओ खात्यावर परदेशी नंबरने यूपीआय चालवायला २०२३ मध्ये ज्या पहिल्या दहा देशांना मुभा मिळाली त्यात यूएई, सौदी, ओमान आणि कतार होते. तुमच्या बँकेने ती सोय दिलीय का एवढं बघा.

एप्रिलच्या सुट्टीसाठी एक काम मात्र उरतंच. तुमच्या आधारलाही बहुधा तोच मेलेला नंबर जोडलेला असेल, आणि आधारला परदेशी नंबर चालत नाही. गावी पोचलात की पहिल्या दोन दिवसांत स्वतःच्या नावावर नवं सिम घ्या आणि आधार केंद्रात जाऊन तो नंबर जोडा. नोंद व्हायला काही दिवस लागतात, म्हणून हे सुट्टीच्या शेवटी ठेवू नका. त्या सिमवर निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या आणि ३६५ दिवसांचा, फक्त कॉल आणि एसएमएसचा रिचार्ज मारा. डेटा नसलेले असे पॅक ठेवणं ट्रायने कंपन्यांना बंधनकारक केलंय, पण दुकानदार ते आपणहून दाखवत नाही, मागून घ्यावं लागतं. शारजात ते सिम फोनच्या दुसऱ्या खाचेत घाला, डेटा रोमिंग बंद ठेवा आणि दोनेक महिन्यांतून एकदा त्यावरून घरी एक एसएमएस करा.